चौदा नंबरचं मशीन: गेम मध्येच उडतो तेव्हा सैल पॉवर केबल कशी शोधायची

"दादा, परत उडालं." चौदा नंबरवरून ही हाक दिवसातून तीन-चार वेळा यायची. कधी गेम आपोआप बंद होऊन डेस्कटॉप दिसायचा, कधी स्क्रीन काळी व्हायची पण हेडफोनमध्ये गोळीबार चालूच असायचा, तर कधी ग्राफिक्स कार्डचे पंखे एकदम पूर्ण वेगाने घोंघावायला लागायचे आणि मशीन तिथंच अडकायचं. त्याच मशीनवर कुणी तासभर फॉर्म भरला, व्हिडिओ पाहिला, तर काहीच व्हायचं नाही. कॅफेत चोवीस मशीन होती. सगळ्यांवर एकच क्लोन केलेलं विंडोज, तोच ड्रायव्हर, तेच गेम. उडायचं फक्त चौदा नंबरवर.

शेवटी सापडला तो ग्राफिक्स कार्डला वीज देणाऱ्या केबलचा एक सैल कनेक्टर. तो सापडायला मला नऊ दिवस लागले. त्यातले सहा मी स्वतःच्या हाताने वाया घालवले. नव्याने टेक्निशियन झालेल्याला हेच काम एका दुपारीत कसं करता येईल ते क्रमाने सांगतो. माझ्या चुका त्या-त्या जागी येतील.

आधी वही, मग स्क्रू ड्रायव्हर

गिऱ्हाईक "कधीपण उडतं" असं सांगतं, कारण ते घड्याळाकडे बघून सांगतं. आपण वेळेऐवजी भार बघायचा. मशीनशेजारी एक वही ठेवा आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा: कुठला गेम होता, पडद्यावर त्या क्षणी काय चाललं होतं, आवाज चालू राहिला का, आणि टेबलाला किंवा कॅबिनेटला कुणाचा धक्का लागला का.

चौदा नंबरच्या वहीत दोन दिवसांत सात नोंदी झाल्या. सातही जड गेमच्या होत्या, हलक्या गेमची एकही नव्हती. चार वेळा मोठी चकमक किंवा स्फोट चालू होता, एकदा नकाशा नुकताच उघडला होता. दोन नोंदींपुढे मुलांनी स्वतःहून लिहिलं होतं, "बाजूच्याने टेबलाला पाय मारला." मी ते वाचून हसलो आणि सोडून दिलं. खरं तर अख्ख्या वहीत त्याच दोन ओळी सगळ्यात कामाच्या होत्या.

आवाज चालू राहतो की नाही हे मी मुद्दाम लिहायला सांगतो. स्क्रीन गेली पण आवाज चालू राहिला, म्हणजे प्रोसेसर आणि विंडोज जिवंत आहेत, फक्त कार्डाने साथ सोडली. सगळंच एका क्षणात बंद पडून मशीन नव्याने सुरू झालं, तर एसएमपीएस किंवा भिंतीकडून येणारी वीज आधी तपासावी.

पुरावा पुसला जातोय का ते बघा

कॅफेतल्या मशीनवर बहुधा असं सॉफ्टवेअर असतं, की रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत होतं. गिऱ्हाइकांनी केलेला पसारा त्यामुळे आपोआप आवरला जातो. पण विंडोजचा इव्हेंट लॉगही त्याबरोबर पुसला जातो. स्क्रीन काळी होते, मुलगा पॉवरचं बटण दाबून धरतो, मशीन स्वच्छ होऊन उठतं आणि आपण लॉग उघडला की त्यात काहीच नसतं. पहिले दोन दिवस मी त्या रिकाम्या लॉगवरून "विंडोजला काहीच दिसत नाही" असा निष्कर्ष काढत बसलो होतो. म्हणून त्या एका मशीनवरचं हे कुलूप तपासणीपुरतं काढा.

पुढच्या वेळी उडालं, की ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल उघडून एवढं चालवा:

```
Get-WinEvent -FilterHashtable @{
  LogName='System'; Id=41,4101
  StartTime=(Get-Date).AddDays(-3)
}
```

4101 म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि विंडोजने तो पुन्हा उभा केला. कार्डाकडून दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की विंडोज साधारणपणे हे पाऊल उचलतं. 41 म्हणजे मशीन नीट शट डाऊन न होता बंद पडलं. 41 दिसला की नवखा माणूस लगेच एसएमपीएसवर बोट ठेवतो. पण पॉवरचं बटण दाबून मशीन बंद केलं तरी हाच 41 लिहिला जातो. वहीतली वेळ आणि लॉगमधली वेळ जुळवून बघितल्याशिवाय त्याला किंमत देऊ नका.

4101 हाही काही "ड्रायव्हर खराब आहे" असा दाखला नाही. ड्रायव्हरने हाक मारली आणि पलीकडून उत्तर आलं नाही, एवढंच तो सांगतो. पलीकडचं कार्ड तापलेलं असेल, बिघडलेलं असेल किंवा त्याची वीज तुटलेली असेल. मी मात्र 4101 पाहून तीन वेळा ड्रायव्हर काढून घातला. बाकीच्या तेवीस मशीनवर तोच ड्रायव्हर बिनतक्रार चालत होता, हे तेव्हा सुचायला हवं होतं.

शेजारच्या मशीनशी तुलना

एकसारखी मशीन हाताशी असणं ही कॅफेतल्या टेक्निशियनची मोठी सोय आहे. घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्याला ती मिळत नाही. तेरा आणि चौदा नंबरवर एकाच मॉडेलचं कार्ड होतं, पूर्ण भारावर सुमारे १७० वॅट घेणारं. HWiNFO हे फुकट सॉफ्टवेअर दोन्हीकडे टाका, त्यातल्या सेन्सरच्या नोंदी फाईलमध्ये साठवायला लावा आणि दोन्हीकडे एकच गेम एकाच जागी उभा करून वीस मिनिटं चालवा.

तीन रकाने बघायचे: कार्डाचं तापमान, कार्ड घेत असलेले वॅट, आणि कार्ड दाखवत असेल तर आठ पिनच्या कनेक्टरवर पोहोचणारा व्होल्टेज. सगळी कार्डं तिसरा आकडा दाखवत नाहीत. आमची दाखवत होती.

तापमान दोन्हीकडे ७० अंशांच्या आसपास होतं, म्हणजे तापण्याची शंका मिटली. वॅटही सारखेच. फरक होता तो व्होल्टेजमध्ये. डेस्कटॉपवर नुसतं उभं असताना दोन्हीकडे १२ च्या जवळ. गेम सुरू झाल्यावर तेरा नंबरवर ११.९, आणि चौदावर ११.५, मधूनच त्याच्याही खाली. सॉफ्टवेअरमधला व्होल्टेज मल्टिमीटरइतका भरवशाचा नसतो, त्यामुळे एकट्या ११.५ वर मी विश्वास ठेवला नसता. पण त्याच मॉडेलचं कार्ड, त्याच भारावर, शेजारी ११.९ दाखवतंय म्हटल्यावर मधल्या ०.४ व्होल्टचा हिशेब लागायला हवा.

तो असा लागतो. कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो आणि आठ पिनच्या केबलची नेमलेली मर्यादा १५० वॅट आहे. आमच्या १७० वॅटपैकी सुमारे १३० केबलमधून येतात असं धरा. १३० भागिले १२, म्हणजे जवळपास ११ अँपिअर. हा प्रवाह १२ व्होल्टच्या तीन तारांमधून विभागून जातो, म्हणजे एकेकीतून साडेतीन-पावणेचार. यातली एक पिन नीट टेकली नाही, तर तिचा वाटा उरलेल्या दोघींवर पडतो आणि प्रत्येकीचा प्रवाह दीडपट होतो. टेकण्याच्या जागेवरची उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोन पट. ०.४ व्होल्ट वाटेत हरवले आणि प्रवाह ११ अँपिअर आहे, म्हणजे चार वॅटच्या वर उष्णता वाटेतल्या कुठल्यातरी जोडावर खर्च होतेय. ती निर्माण होतेय अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या आत.

फॉर्म भरताना काही का होत नव्हतं तेही यातच आलं. तेव्हा कार्ड जेमतेम दहा-वीस वॅट घेतं. एवढ्याला सैल जोडही पुरतो. स्फोट झाला, नकाशा उघडला, की काही मिलिसेकंदांसाठी मागणी सरासरीच्या कितीतरी वर उसळते, व्होल्टेज बसतो आणि कार्ड हात टेकतं.

भार उतरवून बघा

कॅबिनेट उघडण्याआधी आणखी एक सोपी कसोटी आहे. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून कार्डाची वॅटची मर्यादा खाली आणा:

```
nvidia-smi -q -d POWER
nvidia-smi -pl 110
```

पहिली ओळ कार्डाला चालणारी किमान आणि कमाल मर्यादा सांगते. दुसरीतला आकडा त्या दोन्हींच्या मधलाच हवा. रीस्टार्ट केलं की मर्यादा मूळ जागी जाते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. कमांड नाकारली गेली किंवा कार्ड दुसऱ्या कंपनीचं असेल, तर गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० किंवा ४५ वर आणा. थोड्याफार फरकाने तेच साधतं.

चौदा नंबर ११० वॅटवर अख्खा दिवस चालला, एकदाही उडाला नाही. एवढ्याने केबलच दोषी ठरत नाही. भार कमी केला की तापणारं कार्डही वाचतं, दमलेला एसएमपीएसही वाचतो. पण विंडोज, गेम, ड्रायव्हर ही बाजू बरीचशी गळून पडते आणि शोध विजेच्या वाटेवर येतो.

हात लावण्याआधी डोळे लावा

माझे सहा दिवस गेले ते इथे. कार्डावर संशय होता, म्हणून तिसऱ्या दिवशी मी चौदाचं कार्ड काढून नऊ नंबरमध्ये घातलं आणि नऊचं चौदामध्ये. दोन्ही मशीन सुरळीत चालली. मी खूश. मालकाला सांगितलं, "कार्ड स्लॉटमध्ये सैल होतं, झालं काम." चौथ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तीच हाक. आता कार्ड नऊचं, तरी उडतंय चौदाच. म्हणून एसएमपीएस बदलायला घेतला. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवून, दोन्ही पत्रे काढून आधी शेवटची चाचणी म्हणून गेम लावला, तर तीन तास काही नाही. पत्रे लावून जागेवर ठेवलं, चाळीस मिनिटांत उडालं. असे दोन दिवस गेले.

अदलाबदल ही एरवी उत्तम पद्धत आहे. पण सैल जोडाच्या बाबतीत ती पुरावाच नष्ट करते. कार्ड काढताना केबल ओढली जाते, परत लावताना ढकलली जाते, जोड तेवढ्यापुरता नीट बसतो आणि दोष "बरा" होतो. म्हणून आधी बघायचं, फोटो काढायचा, आणि मगच काही हलवायचं.

मशीन शट डाऊन करा, एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, भिंतीतली पिन काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दोन-तीनदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही, त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज बराच वेळ टिकून राहते. चालू मशीनमध्ये केबल हलवून "उडतंय का बघू" हा प्रकार मी जुन्या लोकांना करताना पाहिला आहे. तसं करू नका. भाराखाली जोड तुटला की आत ठिणगी पडते आणि बऱ्या असलेल्या पिनाही खराब होतात.

आता काचेच्या किंवा पुढच्या बाजूने कार्डावरचा कनेक्टर बघा. त्याच्या एका अंगाला छोटी क्लिप असते आणि कार्डावरच्या सॉकेटला दात असतो. क्लिपचं टोक दाताच्या पलीकडे जाऊन अडकलेलं दिसायला हवं. ते दाताच्या उतारावरच थांबलेलं असेल, किंवा कनेक्टर आणि सॉकेटमध्ये एका बाजूला फट दिसत असेल, तर कनेक्टर पूर्ण बसलेला नाही. कनेक्टर सहा अधिक दोन अशा दोन तुकड्यांचा असेल, तर दोनचा तुकडा मागे सरकलेला नाही ना तेही बघा.

चौदा नंबरवर इथे सगळं ठीक होतं. क्लिप अडकलेली, फट नाही. मी दोन्ही वेळा इथपर्यंत बघून थांबलो होतो. पण आमच्याकडचे एसएमपीएस मॉड्युलर आहेत, म्हणजे केबल दुसऱ्या टोकालाही सॉकेटमध्ये बसते. ते टोक कॅबिनेटच्या तळाशी, पत्र्याच्या आवरणाखाली असतं. डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे कुणी बघायला जात नाही. मागचा पत्रा काढून मोबाईलचा टॉर्च लावला, हात आत घालून फोटो काढला, मोठा करून पाहिला. चार कनेक्टर ओळीने बसलेले आणि पाचवा किंचित तिरका. एका कडेला दोनेक मिलिमीटरची फट, क्लिप दातावर नुसती टेकलेली.

मग बाकीच्या गोष्टी जुळत गेल्या. तीन आठवड्यांपूर्वी धूळ काढताना मीच ते कार्ड बाहेर घेतलं होतं. केबल आखूड, ओढ बसली, आणि तळाचं टोक निम्मं बाहेर आलं. मागचा पत्रा लावला की त्याच्या मागे कोंबलेला केबलचा गठ्ठा दाबला जायचा आणि त्या कनेक्टरवर ताण यायचा. पत्रा काढून चाचणी केली की ताण गेला, म्हणून तीन तास शांतता. आणि टेबलाला लागलेला पाय तर मुलांनी आधीच लिहून ठेवला होता.

बसवताना

कनेक्टर काढून आधी दोन्ही बाजूंच्या पिनांवर टॉर्च मारा. धातू चकचकीत आणि प्लॅस्टिक मूळ रंगाचं असेल, तर तीच केबल चालेल. पिन काळवंडलेली, प्लॅस्टिक तपकिरी किंवा वितळलेलं असेल, तर केबल बाद. घासून स्वच्छ करून परत लावण्याच्या भानगडीत पडू नका, कारण ताप लागलेल्या पिनेची पकड गेलेली असते. सॉकेट वितळलं असेल तर त्या बाजूचा भागही बाद. आमच्या केबलची १२ व्होल्टची एक पिन इतरांपेक्षा काळपट होती, सॉकेट मात्र स्वच्छ होतं. मी केबल बदलली.

नवी केबल त्याच एसएमपीएसच्या पिशवीतली घ्या. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणती पिन कुठे, याचं कुठलंही समान प्रमाण नाही. दुसऱ्या कंपनीची केबल, कधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचीही केबल, सॉकेटमध्ये हुबेहूब बसते आणि १२ व्होल्ट भलत्याच पिनेवर देते. कार्ड जळायला तेवढं पुरतं. प्रोसेसरची आठ पिनची केबलही दिसायला जवळपास अशीच असते. तिच्यावर बहुधा CPU लिहिलेलं असतं. ती कार्डाला जबरदस्तीने लावायची नाही.

कनेक्टर सरळ रेषेत ढकला, 'टक' असा आवाज येईपर्यंत. गोंगाटात आवाज ऐकू आला नाही, तर क्लिपवरून बोट फिरवून ती दातापलीकडे गेल्याची खात्री करा. मग क्लिप न दाबता कनेक्टर हलकेच मागे ओढा, तो यायला नको. केबलला दोन्ही टोकांजवळ तीन-चार सेंटिमीटर सरळ सोडा, तिथेच वाकवू नका. गठ्ठा पत्र्याला दाबतोय असं वाटलं तर पट्टा सोडून पुन्हा बांधा.

झालं, हे कधी म्हणायचं

पंधरा मिनिटं टेस्ट चालली म्हणून मशीन गिऱ्हाइकाला देऊ नका. पत्रे लावून, मशीन त्याच्या नेहमीच्या जागी ठेवून, वॅटची मर्यादा काढून, वहीत ज्या गेमच्या नोंदी आहेत तेच गेम चालवा. एकसारखा भार टाकणाऱ्या टेस्टपेक्षा खरा गेम चांगला, कारण त्यात मागणी सतत वरखाली होते. किती वेळ? आधी दोन उडण्यांमध्ये सर्वात जास्त जेवढं अंतर होतं, त्याच्या किमान तिप्पट. चौदा नंबरवर ते अंतर साडेतीन तासांचं होतं, म्हणून मी साडेदहा तासांचा खेळ मोजला, दोन दिवसांत मिळून. व्होल्टेज गेममध्ये ११.९ वर राहिला. त्यानंतरच रीस्टार्टचं कुलूप पुन्हा लावलं.

एवढं करूनही उडत राहिलं असतं, तर पुढचा नंबर एसएमपीएसचा होता, म्हणजे तेरा नंबरचा एसएमपीएस त्याच्या स्वतःच्या केबलींसकट चौदामध्ये लावून बघणं. त्यानंतर कार्ड. आणि उडताना दरवेळी वेगळाच प्रोग्रॅम, वेगळीच चूक, कधी नुसत्या ब्राउझरमध्येही, असं असतं तर मी आधी रॅम तपासली असती.

दुसऱ्या दिवशी कॅफे उघडायच्या आधी उरलेल्या तेवीस मशीनचे मागचे पत्रे काढून तळाच्या कनेक्टरचे फोटो घेतले. सहा आणि एकवीस नंबरवरही क्लिप दातावरच टेकलेली निघाली. त्या दोन्हींवर कधीच तक्रार नव्हती. सहावर सगळे प्रिंटसाठी बसायचे, आणि एकवीसवर रोज येणारा मुलगा फक्त बुद्धिबळ खेळायचा.